नवी आवृत्ती खरंच जास्त कोसळते का?

प्रस्तावना

६ मे २०२० च्या संध्याकाळी, अमेरिकी वेळेनुसार, आयफोनवरची स्पॉटिफाय, टिकटॉक, पिंटरेस्ट, टिंडर अशी एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली अ‍ॅप्स उघडताक्षणी बंद पडू लागली. दोष त्यांच्यापैकी कुणाच्याच नव्या कोडमध्ये नव्हता. या सगळ्यांच्या पोटात फेसबुकची एक लायब्ररी होती. अ‍ॅप सुरू होताना ती फेसबुकच्या सर्व्हरकडून काही माहिती मागवी. त्या दिवशी सर्व्हरकडून आलेलं उत्तर नेहमीच्या साच्यातलं नव्हतं, ते लायब्ररीला पेललं नाही आणि तिच्याबरोबर अख्खं अ‍ॅप कोसळलं. दोन महिन्यांनी, १० जुलैला, असंच पुन्हा घडलं. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडची पाळी आली. गूगलच्या ‘वेबव्ह्यू’ या घटकाचं एक अपडेट बिघडलं आणि जीमेलसह असंख्य अ‍ॅप्स जगभर कोसळली.

आता अशी एखादी टीम डोळ्यांसमोर आणा, जिने नेमकी ६ मेच्या सकाळी आपली नवी आवृत्ती लोकांना द्यायला सुरुवात केली होती. संध्याकाळी डॅशबोर्डवरचा क्रॅशचा आलेख उभा चढतो. नवी आवृत्ती आज आली, क्रॅश आज वाढले, तेव्हा दोष नव्या आवृत्तीचाच, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. टीम रोलआउट थांबवते, रात्रभर आपलंच कोड उलटंपालटं करते आणि हाती काहीच लागत नाही. जुन्या आवृत्तीचा त्याच तासाचा आकडा शेजारी ठेवला असता, तर दोन्ही आलेख एकदमच चढलेले दिसले असते आणि कारण बाहेरचं आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं.

या पुस्तिकेचा विषय हाच आहे. क्रॅश रिपोर्टांच्या आधारे दोन आवृत्त्यांची तुलना करायची आणि फरक दिसला, तर तो कोडचा आहे की आणखी कशाचा, हे ठरवायचं. पुढच्या प्रकरणांत आकडेमोड सविस्तर येईल. इथे मला एकच गोष्ट मनावर ठसवायची आहे. डॅशबोर्डवर दोन आवृत्त्यांचे आकडे शेजारीशेजारी दिसतात, तेव्हा आपण दोन कोडांची तुलना करतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळ्या माणसांच्या हातांतले, दोन वेगळ्या जातीचे फोन समोरासमोर असतात, आणि बरेचदा ते वेगवेगळ्या दिवसांतलेही असतात. कोडमधला फरक या सगळ्याखाली गाडलेला असतो. तो उकरून काढणं एवढंच आपलं काम आहे.

आधी रिपोर्ट कसा येतो ते पाहू, कारण निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात. अ‍ॅप कोसळतं तेव्हा त्याच्याकडे इंटरनेटवर काही पाठवण्याइतकी उसंत नसते. क्रॅशलिटिक्ससारखी लायब्ररी त्या क्षणी फक्त नोंद फोनमध्ये लिहून ठेवते. पाठवण्याचं काम साधारणपणे पुढच्या वेळी अ‍ॅप उघडल्यावर होतं. म्हणजे आज रात्री कोसळलेल्या अ‍ॅपचा रिपोर्ट वापरणाऱ्याने उद्या दुपारी ते पुन्हा उघडलं, तर उद्या दुपारी येईल. वैतागून त्याने अ‍ॅप काढूनच टाकलं, तर कधीच येणार नाही. यातून दोन गोष्टी निघतात. ताज्या दिवसाचा आकडा नेहमीच खऱ्यापेक्षा बरा दिसतो, म्हणून शेवटचा एखादा दिवस तुलनेतून वगळलेलाच बरा. आणि सर्वांत वाईट क्रॅश, म्हणजे अ‍ॅप उघडूच न देणारा, हाच रिपोर्टांत कमी दिसण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या स्रोताची साक्ष काढणं. प्ले कन्सोलमधल्या ‘अँड्रॉइड व्हायटल्स’ची माहिती खुद्द ऑपरेटिंग सिस्टीम गोळा करते, अ‍ॅपमधली लायब्ररी नव्हे. त्यामुळे लायब्ररी सुरू होण्याआधी झालेला क्रॅशही तिथे सापडू शकतो. मात्र ती माहिती फक्त संमती दिलेल्या वापरकर्त्यांची असते. दोन्हीकडचे आकडे कधी तंतोतंत जुळणार नाहीत. पण एकीकडे नवी आवृत्ती जुनीपेक्षा बरी आणि दुसरीकडे वाईट असं दिसलं, तर निष्कर्ष काढण्याआधी थांबायला हवं.

आता छेदाबद्दल. क्रॅशची नुसती संख्या निरुपयोगी आहे, कारण दहा टक्के लोकांकडे गेलेल्या आवृत्तीत क्रॅशही थोडेच होणार. म्हणून भागायचं असतं. सत्रांच्या संख्येने भागलं, तर किती टक्के सत्रं सुखरूप पार पडली ते कळतं, वापरकर्त्यांच्या संख्येने भागलं, तर किती टक्के लोकांना क्रॅश दिसला नाही ते कळतं. दुसरा आकडा माणसाच्या अनुभवाच्या जास्त जवळ असल्यामुळे व्यवस्थापकांना आवडतो. पण त्यात एक फसगत लपलेली आहे. समजा, कोणत्याही सत्रात क्रॅश होण्याची शक्यता ०.२ टक्के आहे आणि माणूस दिवसातून एकदा अ‍ॅप उघडतो. एका दिवसाच्या खिडकीतून पाहिलं, तर ९९.८ टक्के लोक क्रॅशमुक्त दिसतील. तेच कोड, तेच फोन आणि तीच माणसं तीस दिवसांच्या खिडकीतून पाहिली, तर जवळपास ५.८ टक्के लोकांना निदान एकदा क्रॅश भेटलेला असेल आणि क्रॅशमुक्त लोक उरतील ९४.२ टक्के. बदललं काहीच नाही, फक्त धोक्याला सामोरं जाण्याचा काळ वाढला. नवी आवृत्ती कालची आणि जुनी महिनाभराची अशी तुलना केली, तर नवी आवृत्ती दर वेळी चमकदारच दिसणार. त्यामुळे वापरकर्त्यांवर आधारलेला आकडा घ्यायचा असेल, तर दोन्हीकडे एकाच दिवसाचा घ्यावा. अँड्रॉइड व्हायटल्समध्ये हिशेब रोजच्या वापरकर्त्यांचाच असतो. तिथली धोक्याची रेषा १.०९ टक्के आहे, म्हणजे दिवसभरात अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी इतक्या लोकांना वापरता वापरता क्रॅश दिसला, तर प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप मागे पडू शकतं. एकाच मॉडेलच्या फोनपुरती ही रेषा ८ टक्क्यांवर आहे.

खिडकी एक केली, दिवस एक केले. तरीही सर्वांत मोठी अडचण उरतेच, ती म्हणजे माणसं. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने देताना प्ले स्टोअर वापरकर्त्यांची निवड स्वैरपणे करतं, हे खरं. पण निवड होणं वेगळं आणि अपडेट फोनमध्ये उतरणं वेगळं. आपोआप अपडेट व्हायला साधारणपणे फोन वाय-फायवर हवा, चार्जिंगला लावलेला हवा, हातात नसलेला हवा. शिवाय आत जागा हवी. घरी वाय-फाय असलेल्या माणसाचा नवा, भरपूर साठवणुकीचा फोन पहिल्या रात्रीच नव्या आवृत्तीवर जातो. मोबाइल डेटावर चालणारा, फोटो-व्हिडिओंनी तुडुंब भरलेला, २ जीबी रॅमचा फोन कधी आठवड्याने, कधी महिन्याने येतो. आयफोनकडे टप्पे ठरलेले आहेत. अ‍ॅपलची टप्प्याटप्प्याने देण्याची सोय सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के अशी जाते. पण हे टप्पे फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटना लागू असतात. अ‍ॅप स्टोअरमध्ये जाऊन हाताने अपडेट करणाऱ्याला कुणी अडवत नाही, आणि तसं करणारा माणूस बहुधा ते अ‍ॅप इतरांपेक्षा जास्त वापरणारा असतो. परिणामी पहिल्या दोन-तीन दिवसांत नव्या आवृत्तीच्या पदरात चांगले फोन पडतात आणि कमकुवत फोनांचा भार जुन्या आवृत्तीवर राहतो.

याचा हिशेबावर किती परिणाम होतो, ते एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे काल्पनिक आहेत, सोपे जावेत म्हणून गोल केलेले. समजा, बसची तिकिटं काढण्याच्या एका अ‍ॅपची ६.३ ही जुनी आणि ६.४ ही नवी आवृत्ती आहे. त्याच तीन दिवसांत ६.३ ची १० लाख सत्रं झाली आणि त्यांत ४,००० क्रॅश झाले, म्हणजे ०.४० टक्के. ६.४ ची १ लाख सत्रं झाली आणि ३१५ क्रॅश, म्हणजे सुमारे ०.३२ टक्के. डॅशबोर्डवर नवी आवृत्ती स्पष्टपणे सरस दिसते. एवढ्यावर कुणीही रोलआउट पुढे नेईल.

आता हेच आकडे फोनच्या रॅमनुसार दोन भागांत फोडू. ४ जीबी किंवा जास्त रॅमच्या फोनांवर ६.३ ची ६ लाख सत्रं झाली आणि क्रॅश १,२००, म्हणजे ०.२० टक्के. त्याच वर्गात ६.४ ची ९० हजार सत्रं आणि क्रॅश २२५, म्हणजे ०.२५ टक्के. कमी रॅमच्या फोनांवर ६.३ ची ४ लाख सत्रं आणि क्रॅश २,८००, म्हणजे ०.७० टक्के. तिथे ६.४ ची फक्त १० हजार सत्रं आणि क्रॅश ९०, म्हणजे ०.९० टक्के. चांगल्या फोनांवर नवी आवृत्ती वाईट आहे आणि साध्या फोनांवरही वाईटच आहे. तरी एकूण बेरजेत ती चांगली दिसते, कारण तिच्या सत्रांपैकी ९० टक्के चांगल्या फोनांवरची आहेत, तर जुनीची ६० टक्केच. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. पाठ्यपुस्तकात तो दुर्मीळ, गमतीचा नमुना म्हणून येतो. रोलआउटच्या पहिल्या आठवड्यात मात्र तो भेटेलच असं धरून चालावं.

यावरचा उपाय साधा आहे. नव्या आवृत्तीचे प्रत्येक वर्गातले दर घ्यायचे आणि ते जुन्या आवृत्तीच्या फोनमिश्रणावर लावायचे. इथे ०.२५ ला ६० टक्के वजन आणि ०.९० ला ४० टक्के वजन दिलं, की ०.१५ अधिक ०.३६ असे ०.५१ टक्के येतात. म्हणजे ६.४ सगळ्यांकडे पोहोचेल तेव्हा क्रॅशचा दर आजच्या ०.४० वरून ०.५१ वर जाईल, सव्वापटीहून थोडा जास्त. डॅशबोर्ड सुमारे २० टक्के घट दाखवत होता आणि वाट्याला येणार आहे ती सुमारे २७ टक्के वाढ. कोणते वर्ग पाडायचे हे अ‍ॅपवर अवलंबून आहे. रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती यांनी बहुतेक फरक पकडला जातो. कॅमेरा वापरणाऱ्या अ‍ॅपला फोनची कंपनीही लागेल. फार बारीक वर्ग पाडले, तर प्रत्येकात मूठभरच क्रॅश उरतात आणि आकडे थरथरू लागतात. चार-सहा वर्ग पुरेसे होतात, असं माझं मत आहे.

थरथर हा शब्द मी मुद्दाम वापरला. ६.४ ने खरोखर काहीच बिघडवलं नसतं, तरी तिच्या क्रॅशची संख्या नशिबाने थोडी वरखाली झालीच असती. किती, याचा झटपट अंदाज असा घेता येतो. जुन्या दरानेच क्रॅश झाले असते, तर किती अपेक्षित होते? चांगल्या फोनांवर ९० हजारांचे ०.२० टक्के, म्हणजे १८०. साध्या फोनांवर १० हजारांचे ०.७० टक्के, म्हणजे ७०. एकूण २५०. क्रॅश दुर्मीळ आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर नशिबाचा खेळ साधारण अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. २५० चं वर्गमूळ सुमारे १६. प्रत्यक्षात आले ३१५, म्हणजे ६५ जास्त, वर्गमुळाच्या चौपटीहून अधिक. एवढा फरक निव्वळ नशिबाने पडत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी. एक टक्का रोलआउटमध्ये हजार सत्रं झाली आणि एकही क्रॅश आला नाही, तर खरा दर शून्य आहे असं म्हणता येत नाही. तो बहुधा तीन भागिले हजार, म्हणजे ०.३ टक्क्यांच्या आत आहे, एवढंच म्हणता येतं. जुना दर ०.१ टक्का असेल, तर नवी आवृत्ती दुप्पट वाईट असूनही त्या हजार सत्रांत ते कळण्याची खात्री नाही.

वर मी ‘एकमेकांपासून स्वतंत्र’ अशी अट घातली. क्रॅश ती क्वचितच पाळतात. समजा, साध्या फोनांवरच्या त्या ९० क्रॅशांपैकी २२ एकाच फोनवरचे निघाले. अशी उदाहरणं नेहमी सापडतात. आवृत्ती बदलताना फोनमधल्या डेटाबेसची रचनाही बदलायची असते आणि ती बदलणारं कोड, ज्याला मायग्रेशन म्हणतात, एखाद्या जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारणाऱ्या फोनसाठी लिहायचं राहून जातं. तो फोन अ‍ॅप उघडतो, कोसळतो, मालक पुन्हा उघडतो, पुन्हा कोसळतो. चाचणीच्या खोलीतल्या कोऱ्या फोनवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे बदलायला जुना डेटाबेसच नसतो. तो फोन वजा केला, तर ९० चे ६८ उरतात, अपेक्षित ७० च्या आत, आणि साध्या फोनांवरची वाढ नाहीशीच होते. पण फक्त नव्या आवृत्तीतला हट्टी फोन वगळणं अन्यायाचं आहे. जुनीच्या २,८०० मध्येही असे फोन असणारच. न्याय्य मार्ग म्हणजे दोन्हीकडे एकच नियम लावणं, की एक फोन एका दिवसात कितीही वेळा कोसळला, तरी तो एकदाच मोजायचा. मग हट्टी फोनाचं वजन दोन्हीकडे सारखं आवरतं. सत्रांवर आधारलेला दर आणि फोनांवर आधारलेला दर शेजारी ठेवले आणि पहिला खूप वाढला पण दुसरा जागचा हलला नाही, तर थोडे फोन पुन्हा पुन्हा कोसळताहेत हे ओळखावं. तो दोष खराच असतो आणि त्या मालकांसाठी अ‍ॅप पुरतं बंद असतं. पण तो शोधायची जागा वेगळी असते.

दर वाढल्याची खात्री पटली, की पुढचा प्रश्न असा, की वाढ कुठे बसली आहे? क्रॅश रिपोर्टांचे गट त्यांच्या स्टॅकवरून, म्हणजे कोसळताना कोणतं फंक्शन कोणाला हाक मारत होतं त्या साखळीवरून पाडलेले असतात. आपल्या उदाहरणातले जादा ६५ क्रॅश एक-दोन गटांतच सापडले आणि ते गट ६.३ मध्ये नव्हते, तर कोडचा दोष जवळजवळ सिद्ध झाला. इथेही एक सावधगिरी लागते. अँड्रॉइडवर बिल्ड करताना फंक्शनांची नावं आखूड केली जातात आणि मूळ नावांशी मेळ घालणारी `mapping.txt` ही फाइल प्रत्येक बिल्डची वेगळी असते. ती चढवायची राहिली, तर जुनाच क्रॅश अनोळखी नावाने नवा गट होऊन येतो आणि जुना गट मिटल्यासारखा दिसतो. आयफोनवर हेच काम dSYM फाइल करते. म्हणून ‘नवा’ क्रॅश दिसला, की आधी त्याच सुमारास कोणता जुना क्रॅश गायब झाला हे पाहावं.

जादा क्रॅश दोन-चार गटांत न सापडता सगळ्याच गटांत थोडेथोडे पसरलेले असतील, तर माझा संशय कोडवरून उठतो. एका चुकीने सगळीकडे सारखी वाढ होणं कठीण. अशी सपाट वाढ बहुधा तीन कारणांनी येते. फोनांचं मिश्रण नीट जुळवलेलं नाही, किंवा लोक अ‍ॅप जास्त वेळ वापरू लागलेत आणि एका सत्रात आता जास्त वेळ मावतो, किंवा मोजणारं जाळंच बारीक झालंय. तिसरं कारण हमखास विसरलं जातं. नव्या आवृत्तीत क्रॅश रिपोर्टिंगची लायब्ररीही नव्याने घातलेली असते आणि ती आता सी++ भागातले क्रॅशही पकडते, जे जुनी सोडून देत होती. लोकांच्या हातात अ‍ॅप पूर्वीइतकंच कोसळतंय, आपल्याला ते आता जास्त दिसतंय. रिपोर्टिंगची लायब्ररी बदलायची असेल, तर ती एखाद्या स्वतंत्र, इतर काहीही न बदललेल्या आवृत्तीतच बदलावी, असा माझा आग्रह आहे.

अशा न बदललेल्या आवृत्तीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. जुनंच कोड फक्त आवृत्तीचा क्रमांक वाढवून नव्या आवृत्तीबरोबरच तितक्याच लोकांना दिलं, तर दोन्हीकडे ताजं अपडेट घेतलेले, चांगल्या फोनांचे, त्याच दिवसांतले लोक येतात, आणि उरणारा फरक खरोखर कोडचा असतो. स्टोअरच्या नियमांत आणि टीमच्या वेळापत्रकात हे दर वेळी बसत नाही. ते जमत नसेल, तर ६.४ च्या पहिल्या तीन दिवसांची तुलना ६.३ च्या तिच्या स्वतःच्या पहिल्या तीन दिवसांशी करावी. फोनांचं मिश्रण बरंच जुळतं, पण दिवस जुळत नाहीत, आणि मग बाहेरून आलेलं एखादं संकट हिशेबात शिरतं. म्हणून ही तुलना आणि आजच्या दिवसांतली वर्ग पाडून केलेली तुलना, दोन्ही कराव्यात.

एवढं करून निर्णय ‘थांबा’ असा झाला, तर त्या बटणाने काय होतं आणि काय होत नाही हेही ठाऊक हवं. अ‍ॅपल टप्प्याटप्प्याचं वितरण एकूण ३० दिवसांपर्यंत थांबवू देतं. प्ले स्टोअरवर रोलआउट थांबवता येतं. पण दोन्हीकडे नवी आवृत्ती ज्यांच्या फोनात उतरली आहे, त्यांच्याकडून ती परत घेता येत नाही. त्यांना सोडवायचं, तर दुरुस्ती करून किंवा जुनं कोडच मोठा क्रमांक देऊन पुन्हा प्रसिद्ध करावं लागतं, आणि त्यांच्या फोनने ते उतरवून घेईपर्यंत ते त्याच बिघडलेल्या आवृत्तीत अडकून राहतात. एक टक्क्यावर दोन दिवस जास्त थांबणं आणि वीस टक्क्यांवर पोहोचून मग थांबणं, यांत वीसपट लोकांचा फरक आहे. पुढच्या प्रकरणातला तक्ता प्रत्येक टप्प्यावर किती सत्रं जमेपर्यंत थांबायचं हे ठरवण्यासाठी आहे. त्याची सुरुवात जुन्या आवृत्तीच्या दरापासून होते, तेव्हा वाचकाने आपल्या अ‍ॅपचा तो दर, फोनांच्या वर्गांसकट, आधी काढून ठेवावा.